शेऱ्यांसाठी सोडलेल्या रेघा

मला शिकवता येत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर्गात शिरले की पोरं वही उघडायची, मी फळ्यावर लिहायचं, त्यांनी ते उतरवायचं आणि घंटा वाजली की दोघांनीही सुटायचं. पण माझी नोकरी कायम होती, पीएचडी होती आणि धाराशिवच्या आमच्या कॉलेजात गणित विभागाची प्रमुख मी होते. तुळजापूरच्या मास्तरांच्या घरात जन्मले, तीन पिढ्या खडूवर जगलेलं घर आमचं. शिकवणं रक्तात असतं असं वडील म्हणायचे. माझ्यापर्यंत येईतो ते रक्त पातळ झालं असावं.

आणि माझ्या विभागात तासिका तत्त्वावर एक सर होते, त्यांना शिकवता येत होतं. अकरा वर्षं ते परंड्याहून एसटीनं यायचे, बार्शीला गाडी बदलून. दरवर्षी जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये सुट्टी, पुन्हा अर्ज. कॉलर विरलेली, खिशात दोन रंगांचे खडू. ते शिकवत असताना वर्गाबाहेर चपला काढायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. बी.कॉम.ची पोरंसुद्धा मागच्या बाकावर येऊन बसायची, ज्यांना मॅट्रिक्स म्हणजे काय ते कधी लागणार नव्हतं. मी कॉरिडॉरमधून जाताना ते ऐकायची आणि भरभर पुढं निघून जायची. मत्सर या शब्दाला उगाच मऊ कापडात गुंडाळू नये. तो मत्सरच होता.

त्यात एक दिवस त्यांनी माझी चूक दुरुस्त केली. दुसऱ्या वर्षाला मी केली-हॅमिल्टनचा नियम शिकवला होता. मॅट्रिक्सचं जे वैशिष्ट्य-समीकरण असतं, त्यात लॅम्डाच्या जागी खुद्द ती मॅट्रिक्सच घातली तर उत्तर शून्य येतं, असा तो नियम. मी सिद्धता एका ओळीत उरकली. समीकरण म्हणजे A वजा लॅम्डा I चा डिटर्मिनंट. लॅम्डाच्या जागी A घाला, A वजा A, शून्य, झालं. पोरांनी उतरवून घेतलं. दोन पोरी पुढच्या तासाला सरांना विचारायला गेल्या, आणि सरांनी त्यांना समजावलं की ही सिद्धता नव्हे, ही फसवणूक आहे. डिटर्मिनंट हा आकडा असतो, आणि आपल्याला हवी आहे शून्य मॅट्रिक्स. लॅम्डाच्या जागी आख्खी मॅट्रिक्स अशी कोंबता येत नाही. हे सगळं त्यांनी माझं नाव न घेता सांगितलं. पण वही माझ्या तासाची होती, आणि वर्गाला काय कळायचं ते कळलं.

संध्याकाळी ते स्टाफरूममध्ये येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, ह्यात मी पण कॉलेजात असताना फसलो होतो." मी हसून म्हटलं, बरं केलंत. त्या दिवसापासून मी त्यांना चहा विचारणं बंद केलं. त्यांना ते जाणवलंही नसेल, कारण त्यांची एसटी पाचला असायची.

मग एक कायम जागा भरायची निघाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सरांचं वय त्यांना त्यानंतर पुन्हा संधी देणार नव्हतं, हे त्यांनीच मला सांगितलं. ही जागा मिळाली नाही तर संपलं. निवड समितीत प्राचार्य, संस्थेचे एक पदाधिकारी, बाहेरून येणारे विषयतज्ज्ञ आणि विभागप्रमुख म्हणून मी. आधी तोंडी प्रश्न, शेवटी पंधरा मिनिटांचा नमुना तास. मुलाखतीच्या पत्रात एक जास्तीचं कलम होतं. तासाच्या स्लाईड्सची छापील प्रत प्रत्येक सदस्याला द्यावी, शेजारी शेरे लिहायला जागा सोडावी.

त्या कलमापायी ते माझ्याकडे आले. कॉलेजात लेटेक, म्हणजे गणिताचा मजकूर सुबक छापणारं सॉफ्टवेअर, मला एकटीलाच यायचं. बाकीचे पॉवरपॉइंटमध्ये समीकरणं चित्रासारखी चिकटवायचे, आणि ती पडद्यावर धुरकट दिसायची. सरांना ते नको होतं. फळ्यावर त्यांचा एक इंटिग्रलसुद्धा वाकडा नसायचा. समितीत बसणाऱ्या बाईनं उमेदवाराला मदत करावी का, हा प्रश्न दोघांच्याही मनात आला असेल, दोघांनीही तो गिळला. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर हो म्हणताना माझ्या मनात काहीही काळं नव्हतं. ते सरांच्या कागदानं आणलं.

त्यांनी हातानं लिहिलेला तास माझ्यापुढं ठेवला, तेव्हा त्याचा विषय होता केली-हॅमिल्टन. आणि मधोमध माझी ती एक ओळ होती. त्यांची युक्ती साधी होती. चुकीची सिद्धता आधी अगदी गंभीरपणे मांडायची, थांबायचं, वर्गानं मान डोलवेपर्यंत थांबायचं, आणि मग क्लिक करून तिच्यावर लाल फुली आणायची. त्यानंतर बरोबर सिद्धता. पोरं हे आयुष्यभर विसरत नाहीत, असं ते उत्साहानं म्हणाले. माझी चूक त्यांच्या नोकरीची शिडी होणार होती. त्यांच्या मनात तसं काही असेल असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या लेखी चूक ही चूक होती, ती कुणाची हे त्यांच्या लक्षातसुद्धा राहत नसे. हेच मला जास्त झोंबलं.

दोन दुपारी आम्ही बसलो. बीमरमध्ये, लेटेकच्या स्लाईड्सच्या साच्यात, मी त्यांच्या तासाच्या नऊ चौकटी केल्या. पायरीपायरीनं उघडायच्या म्हणून त्यांची पडद्यासाठीच्या पीडीएफमध्ये सव्वीस पानं झाली. मजकुराची फाईल एकच ठेवली आणि तिला दोन तोंडं दिली, दोन छोट्या फाईली. एक पडद्यासाठी, दुसरी कागदासाठी. दुसरीच्या पहिल्या ओळीत हँडआउट हा पर्याय घातला की सगळ्या पायऱ्या मिटतात आणि एका चौकटीचं एकच पान होतं. मग एका कागदावर तीन चौकटी आणि प्रत्येकीच्या उजवीकडं लिहायला रेघा, अशी मांडणी देणारं पॅकेज जोडलं. निळी पार्श्वभूमी काढून पांढरी केली, नाहीतर प्रिंटर शाई पीत बसला असता. तीन कागदांत आख्खा तास. सर बघत राहिले. "लई देखणं झालं, मॅडम," म्हणाले.

पण पायऱ्या मिटल्या की जे पडद्यावर एकामागून एक येतं ते कागदावर एकदमच येतं. चुकीची ओळ, तिच्यावरची लाल फुली आणि खालची बरोबर सिद्धता, सगळं एकाच चौकटीत दाटलं होतं आणि खालचा भाग चौकटीबाहेर गेला होता. सर म्हणाले, असं नको. कागद हातात पडताच गुपित फुटतं. फुली आणि बरोबर सिद्धता कागदावरून काढा, ऐकणाऱ्यानं ती शेजारच्या रेघांवर स्वतः लिहावी. ते सोपं होतं. त्या दोन तुकड्यांना हँडआउट कोलन शून्य एवढं लावलं, आणि पडद्यावर ते राहिले, कागदावरून गेले.

तेवढ्यात त्यांनाच शंका आली. चुकीची सिद्धता एकटीच छापली तर कुणाला ती खरी वाटेल. म्हणून त्यांनी सांगितलं, फक्त कागदावर दिसेल अशी एक ओळ खाली टाका. यात चूक कुठे आहे, शेजारी लिहा. मी त्यांच्यादेखत ती ओळ घातली, फक्त हँडआउटपुरती. देवनागरी जाणणाऱ्या झेलेटेकनं फाईल चालवून पीडीएफ काढली, अक्षरं स्वच्छ उमटली. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि पाचची गाडी पकडायला गेले. छपाई मी मुलाखतीच्या सकाळी करून ठेवणार होते.

लेटेकमध्ये ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती ओळ असून नसल्यासारखी होते. फाईलमध्ये राहते, पीडीएफमध्ये येत नाही. मुलाखतीच्या सकाळी मी विभागात एकटी होते. मी फार विचार केला असं म्हणाले तर खोटं होईल. केसानं गळा कापणं म्हणतात, मला केसही लागला नाही. चूक शोधायला सांगणाऱ्या त्या ओळीआधी शिफ्ट आणि पाचाची कळ दाबली, फाईल पुन्हा चालवली, चौथी चौकट पाहिली. वर शीर्षक होतं सिद्धता. खाली माझी ती एक ओळ होती. आणि पुढं कोरी जागा. पुढच्या चौकटीत थेट दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचं उदाहरण. नियम सिद्ध झाला म्हणून उदाहरणाकडं वळलेल्या माणसासारखं ते दिसत होतं. मी चार प्रती काढल्या आणि पिना मारल्या.

सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बायकोनं दिलेला डबा आणि पाण्याची बाटली एका कापडी पिशवीत होती, ती त्यांनी बाहेरच्या बाकाखाली ठेवली. प्रती मी त्यांच्या हातात फाईलमध्ये घालून दिल्या. त्यांनी पहिला कागद पाहिला, समास सरळ आहेत म्हणाले, आणि फाईल मिटली. उलटून पाहिल्या असत्या तर सगळं तिथंच थांबलं असतं. पण माझ्यावरचा त्यांचा विश्वास ठाम होता, आणि त्याचाच मी हिशेब धरला होता.

मला अजून एक ठाऊक होतं, जे त्यांना ठाऊक नव्हतं. नमुना तास पंधरा मिनिटं कधीच चालत नाही. उमेदवार अकरा होते आणि जेवणाची वेळ ठरलेली होती. पदाधिकाऱ्यांपुढं टेबलावर शिपायाला बोलवायची घंटी असते, पाच-सहा मिनिटं झाली की ते ती वाजवतात. मी या टेबलाशी चार वेळा बसले होते.

तोंडी प्रश्नांत सर चांगले गेले. मग उभे राहिले. फळा नव्हता, तरी हात सवयीनं फळ्यावरून फिरावा तसा पडद्याकडं गेला. तीन मिनिटांत त्यांनी नियम असा मांडला की प्राचार्यसुद्धा, जे इतिहासाचे, पुढं झुकले. विषयतज्ज्ञ मोबाईलवर होते. मग चौथी स्लाईड आली. सरांनी ती चुकीची सिद्धता गंभीर चेहऱ्यानं वाचून दाखवली आणि म्हणाले, पटतंय ना? आणि थांबले. वर्गात थांबायचे तसे, लांब. ती त्यांची शिकवण्याची सगळ्यात सुंदर जागा होती. पदाधिकाऱ्यांना ती संपल्याची खूण वाटली. त्यांनी घंटी वाजवली.

"सर, पुढची स्लाईड राहिली..." ते म्हणाले.

"कागद आहे ना आमच्या हातात. त्यावर आहे सगळं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. "व्हय सर," ते म्हणाले, "कागदावर हाय." आणि नमस्कार करून बाहेर गेले. ते हसू माझ्यासाठी होतं, आभाराचं. मी पेनाचं टोपण लावत बसले.

गुण द्यायची वेळ आली तेव्हा विषयतज्ज्ञांनी मोबाईल ठेवला आणि कागद उलटले. चौथ्या चौकटीवर त्यांचा अंगठा थांबला. ते हुशार होते, चूक दिसायला त्यांना चार सेकंद लागले. पुढची चौकट पाहिली, पुन्हा मागं आले. अकरा वर्षं शिकवणारा माणूस हे सिद्धता म्हणून छापतो, असं ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. मग माझ्याकडं वळले. तुमच्या विभागात हे असंच शिकवतात का, मॅडम?

इथं मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. पडद्यावर पुढच्या क्लिकला फुली येणार होती, लॅपटॉप अजून चालूच होता, बोट लावायचा अवकाश होता.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही असं शिकवत नाही."

त्यांनी उजवीकडच्या रेघांवर बारीक अक्षरात लिहिलं की उमेदवाराचा विषयाचा पाया कच्चा आहे. शेऱ्यांसाठी सोडलेल्या रेघा वापरणारे त्या दिवशी ते एकटेच होते. पुढच्या उमेदवारानं पॉवरपॉइंटच्या धुरकट समीकरणांवर तास घेतला, त्यात चूक करण्याएवढंही काही नव्हतं. जागा त्याला मिळाली.

त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले. पश्चात्ताप वगैरे माणसाला लगेच होतो असं जे म्हणतात ते थापा आहेत. मला हलकं वाटलं. आता कॉरिडॉरमधून जाताना ऐकावं लागणार नव्हतं.

निकाल लागल्यावर आठवड्यानं सर आले. दुपारचे दोन वाजले असतील, स्टाफरूममध्ये मी एकटीच. ते बसले नाहीत. त्यांच्या कानावर शेरा गेला होता, छोट्या गावात असल्या गोष्टी टपालाच्या आधी पोचतात. पण त्यांना तो शेरा कळत नव्हता. एखादं गणित सुटत नाही तसे ते त्याच्याभोवती फिरत होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, ती चूक शोधायची ओळ होती ना कागदावर?"

"होती," मी म्हटलं.

मग त्यांना दिसली कशी न्हाय, ते म्हणाले. आरोप नव्हता, नवल होतं. एक प्रत बघायला मिळेल का म्हणाले. समितीच्या प्रती सीलबंद पाकिटात गेल्या होत्या, हे खरं होतं. पण माझ्याकडं एक जास्तीची असेल, थांबा, असं मी म्हटलं आणि लॅपटॉप उघडला. लॅपटॉपची पाठ त्यांच्याकडं होती. टक्क्याचं चिन्ह काढलं, फाईल चालवली, ऑफिसातल्या प्रिंटरवर तीन कागद काढून आणले आणि पिन मारून त्यांच्या हातात दिले. त्यातलीच आहे म्हटलं. एवढं सगळं करायला मला चहा करण्याहून कमी वेळ लागला.

त्यांनी चौथी चौकट वाचली. ओळ होती. खाली ठळक अक्षरात, यात चूक कुठे आहे, शेजारी लिहा. त्यांचे खांदे खाली आले. मग त्यांनी वाचलंच न्हाय, ते स्वतःशीच म्हणाले. आपलं नशीब. मला वाटलं, संपलं. मी टेबलावरच्या उत्तरपत्रिका ओढल्या.

पण ते कागद खाली ठेवत नव्हते. गणिताचा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. चौकटीच्या तळाला, पट्टीत, लहान अक्षरांत त्यांचं नाव होतं आणि नावापुढं तारीख. ती तारीख मी कधी टाईप केली नव्हती. फाईल ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाची तारीख लेटेक आपणहून घालतं, तसंच मी ते ठेवलं होतं, सगळेच ठेवतात. सरांनी त्या तारखेवर बोट ठेवलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग पुन्हा कागदाकडं.

"मॅडम," ते म्हणाले, "ही आजची तारीख हाय."

मी लॅपटॉप मिटला. ते माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या नजरेत, असता तर मला सोपं गेलं असतं. चुकलेल्या पोराच्या वहीत चूक नेमकी कुठल्या पायरीला झाली ते शोधावं तसे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. त्यांना ती पायरी सापडली. मला ते दिसलं.

मला वाटलं, आता ओरडतील. प्राचार्यांकडं जातील. तीन कागद त्यांच्या हातात होते, सीलबंद पाकीट ऑफिसात होतं, दोन्ही शेजारी ठेवली असती तर माझी नोकरी राहिली नसती. त्यांनी कागदांची घडी घातली आणि कापडी पिशवीत ठेवली. त्याच पिशवीतून दुसरा कागद काढला आणि माझ्यासमोर सरळ करून ठेवला. कुर्डुवाडीकडच्या एका निवासी शाळेत गणिताला माणूस हवा होता, तिथं त्यांना अर्ज करायचा होता. आठवी ते दहावी. त्यासाठी अकरा वर्षांच्या अनुभवाचं प्रमाणपत्र लागत होतं, आणि त्यावर विभागप्रमुखाची सही.

"एवढी सही करून द्या," ते म्हणाले. "गाडी हाय पाचची."

छापील नमुन्यात शेवटची ओळ असते, कामकाज कसे होते ते लिहायची. तिथं सगळ्यांसाठी मी एकच शब्द लिहीत आले आहे. त्यांच्यादेखत मी तोच लिहिला, समाधानकारक. खाली सही केली, शिक्का मारला. त्यांनी शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, वाळल्यावर तो शब्द एकदा वाचला, आणि मला धन्यवाद म्हणाले.